खोडलेलं ‘नाही’

अख्खं रुग्णालय तिला ‘नकारघंटा’ म्हणायचं आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. पाठीमागे म्हणायचे तोवर तिने कानाडोळा केला. पण एकदा लिफ्टवाला तोंडावरच, “नकारघंटाबाई, कितवा मजला?” असं विचारून बसला आणि मग त्याने जीभ चावली. ती म्हणाली, “तळघर. आणि घंटा निदान वाजते तरी. तुमच्या लिफ्टसारखी मध्येच लटकत नाही.” त्या दिवसापासून लिफ्टवाला तिला पाहिलं की न विचारता तळघराचं बटण दाबायचा.

तळघरात खरेदी विभाग होता. एका बाजूला औषधांचं कोठार आणि दुसऱ्या बाजूला धुलाईखाना. धुलाईखान्याचे गरम पाण्याचे नळ तिच्या टेबलामागच्या भिंतीतून गेलेले, त्यामुळे थंडीत तिच्या खोलीत बसायला सगळ्यांना आवडायचं आणि उन्हाळ्यात कुणी फिरकायचं नाही. सुईपासून पलंगापर्यंत जे काही विकत घ्यायचं ते तिच्या हातून जायचं. घ्यायचं एकाकडून असतं आणि विकायला दहाजण येतात, म्हणजे नऊजणांना नाही म्हणायचं. हा साधा हिशेब. आता हे नाही म्हणायचं कुणी? साहेब लोकांच्या तोंडाला फोड येतात. मग ते काम नकारघंटेचं.

तिचा नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. शाळामास्तर, गरीब गाय. कुणी काहीही मागो, हा “बघतो” म्हणणार. सोसायटीचा चिटणीस हाच, व्याख्यानांच्या खुर्च्या मांडणारा हाच, दोन घरच्या किल्ल्या सांभाळणारा हाच. सकाळी दारावरची बेल वाजली की तो न्हाणीघरात पळायचा आणि तिला जाऊन सांगावं लागायचं की काका, हे काम ह्यांच्याच्याने होणार नाही. “लग्नसुद्धा माझ्याशी केलं ते ‘नाही’ म्हणता आलं नाही म्हणून,” असं ती चारचौघांत सांगायची आणि मास्तर हसत मान डोलवायचे. नाही कुठे म्हणत होते ते!

पण ती फटकळ होती म्हणून नाही म्हणायची असं समजू नका. लोकांनी तसंच समजलं, ही लोकांची अक्कल. ‘कळवू’ म्हणजे काय हे तिने भोगलं होतं. ह्याच रुग्णालयात ती नोकरीसाठी मुलाखत देऊन गेली तेव्हा “कळवू” म्हणाले. तेवढ्या एका शब्दावर तिने हातातली दुसरी नोकरी सोडली. महिने गेले, कळवण्याचं नाव नाही. शेवटी ती तणतणत आली आणि खिडकीवर उभी राहून म्हणाली, “नाही तर नाही म्हणा ना! मी काय खाणार आहे का तुम्हाला?” आत बसले होते तेव्हाचे खरेदीप्रमुख, जाड चष्म्याचे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी तिला आत बोलावलं, आणि पुढच्या आठवड्यात ती त्यांच्या समोरच्या टेबलावर बसली होती. अण्णांनी तिला नाही म्हणायला शिकवलं. “पोरी, आभार मान आणि लगेच पुढच्या ओळीत नाही लिही. मग कारण दे, पण खरं दे आणि एकच दे. आणि पुढे बोलवायची खरंच इच्छा असेल तर कशासाठी बोलावणार ते लिही. उगाच ‘पुन्हा भेटू’ लिहू नकोस. त्यावर माणूस घर बांधतो.”

अण्णा निवृत्त झाले. पुढे दोनतीन साहेब आले, गेले. आणि मग आले साखरसाहेब.

हे नाव परिचारिकांनी ठेवलेलं. तोंडात साखर, डोक्यावर बर्फ. रजा नाकारायची तरी म्हणणार, “अरे वा, छान, जाऊन या ना, फक्त जरा बघू.” माणूस आनंदाने खोलीबाहेर पडायचा आणि जिन्यावर त्याच्या लक्षात यायचं की रजा मिळालेली नाही. हे गोड बोलणं नव्हे, ही शुद्ध फसवणूक आहे, असं तिचं मत होतं, आणि ती ते मोठ्या आवाजात सांगायची.

तर झालं असं. रुग्णालयाची नवी इमारत उभी राहिली. नवे पलंग, नव्या गाद्या. आता चादरी हव्यात आणि रुग्णांचे गाऊन हवेत. चौकशीपत्र निघालं, तिघांचे प्रस्ताव आले. दोघे मोठे कापडवाले. तिसरी एक बाई. मोजकी यंत्रं, भाड्याची शेड, हाताखाली शेजारपाजारच्या बायका. ह्याआधी तिने रुग्णालयाला फक्त ॲप्रन शिवून दिले होते. पण ह्या वेळी तिने नमुन्याचा गाऊन असा शिवून आणला की तळघरात गर्दी जमली.

तुम्ही रुग्णालयाचा गाऊन कधी घातला असेल तर तुम्हाला कळेल. पाठीमागे उघडा, दोन नाड्या, त्यातली एक हमखास तुटलेली. भला वयस्क माणूस, आयुष्यभर मानाने जगलेला, आणि संडासाला जाताना एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्या हातात पाठीमागचं कापड. हिने काय केलं, पाठीचा एक पदर दुसऱ्यावर लपेटला आणि बंद कुशीला आणले. झोपल्या झोपल्या रुग्णाला स्वतःच्या हाताने बांधता येईल, डॉक्टरांना सोडता येईल आणि चालताना मागे काही दिसायचं नाही. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डांच्या प्रमुख, तो गाऊन अंगावर चढवून गिरकी घेऊन म्हणाल्या, “अगं, आता माझे आजोबा लोक ताठ चालतील!” तेव्हापासून त्या बाईचं नाव पडलं गाऊनवाली.

पण चादरी! नियमाप्रमाणे तिघांच्या चादरी धुलाईखान्यात गेल्या, उकळत्या पाण्यात, पुन्हापुन्हा. मोठ्या कापडवाल्यांच्या तशाच राहिल्या. गाऊनवालीच्या आटल्या. इतक्या आटल्या की गादीवर टाकल्या तर कोपरे खाली खोचले जाईनात. कोरं कापड होतं, आधी भिजवून आटवलेलं नव्हतं. आणि चादरी व गाऊन एकाकडूनच घ्यायचे, ही अट चौकशीपत्रातच छापलेली. समिती बसली, दोघांतल्या थोरल्या कापडवाल्याचं नाव ठरलं. त्याला खरेदीचा हुकूम गेला आणि त्याचा होकारही आला. ह्यात कुणाचं काही चुकलं नाही. नकारघंटेला वाईट वाटलं, पण आटलेली चादर ती आटलेली चादर.

मग तिने उरलेल्या दोघांना पत्रं लिहिली. गाऊनवालीचं पत्र तिने जास्त वेळ घेऊन लिहिलं. “आपल्या प्रस्तावाबद्दल आभार. या खेपेला आपली निवड झालेली नाही. धुलाईच्या चाचणीत आपल्या चादरींचं कापड आटलं, आणि चादरी व गाऊन एकाच पुरवठादाराकडून घ्यायचे होते. आपले गाऊन आम्हाला पसंत पडले. आपलं नाव आमच्या यादीत राहील. गाऊनची स्वतंत्र चौकशी निघाली तर आपल्याला पत्र येईल. हे कामाचं आश्वासन समजू नये.” दुसऱ्याचा दर किती होता ते लिहिलं नाही, ते लिहायचं नसतंच. पत्र सहीला वर गेलं, आणि ती सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेली.

परतली त्या सकाळी डबाही टेबलावर ठेवला नव्हता, तोच फोन. मोठ्या सिस्टर.

“अगं, तुझी गाऊनवाली माझ्या पलंगांची मापं घेतेय!”

“मापं? कशाला?”

“मला काय विचारतेस? टेप घेऊन गाद्या मोजतेय. म्हणते, चादर एक बोटसुद्धा कमी पडू देणार नाही. फार खुशीत आहे गं. काम तिला गेलं का? मला तर दुसरंच सांगितलं होतं.”

ती लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेली. नव्या वॉर्डात गाऊनवाली खरोखर गुडघे टेकून गादीची जाडी मोजत होती. तिला बघून उठली, पदराने हात पुसले. “बाई, या ना! तुमचेच आभार मानायचे होते. पत्र वाचलं आणि आमच्या बायका रडायच्याच राहिल्या. शेजारची शेड रिकामी झालीय, मालक संध्याकाळपर्यंत थांबलाय, आज सही करते. कापडवाल्यालाही शब्द द्यायचाय. हातातलं दुसरं शाळेच्या गणवेशांचं काम होतं, ते मात्र नको म्हणून आले. दोन्ही कसं जमणार?”

नकारघंटेने हात पुढे केला. “पत्र आहे का जवळ?”

होतं. पिशवीतून जपून काढलं, घडीसुद्धा नीट. आणि नकारघंटेने वाचलं: “आपल्या प्रस्तावाबद्दल आभार. आपले गाऊन आम्हाला पसंत पडले. आपलं नाव आमच्या यादीत राहील. आपल्याला पत्र येईल. आपल्यासोबत दीर्घकाळ काम करण्यास आम्ही उत्सुक आहोत.” खाली साखरसाहेबांची वळणदार सही.

‘नाही’ खोडलं होतं! कारण खोडलं होतं, ‘आश्वासन समजू नये’ खोडलं होतं. आंब्याची कोय तेवढी काढून टाकावी तसं अलगद काढलं होतं, आणि उरलं ते सगळं गोड. ह्या पत्राचा अर्थ गाऊनवालीने लावला तोच कुणीही लावला असता. नकारघंटेचा संताप असा उसळला की क्षणभर तिला समोरचं दिसेना. पण समोर ती बाई टेप गळ्यात घालून उभी होती, संध्याकाळी शेडवर सही करणार होती, आणि तोवर कुणीतरी बोलायला हवं होतं.

“इथे बसा,” ती म्हणाली. “काम तुम्हाला मिळालेलं नाही.”

गाऊनवाली हसलीच. “काय थट्टा करता?”

“थट्टा नाही. काम दुसऱ्याला गेलं, हुकूमही निघाला. तुमच्या चादरी आटल्या. मी तसं लिहिलं होतं, ते ह्या पत्रात राहिलं नाही. चूक आमच्या घरची आहे, तुमच्या वाचण्याची नाही. आधी त्या शेडवाल्याला फोन करा. आता, माझ्यासमोर. मग मला काय बोलायचं ते बोला.”

गाऊनवालीचा चेहरा उतरत गेला. तिने फोन केला, दोन वाक्यांत संपवला. गणवेशवाल्या शाळेला केला, तिथून उत्तर आलं की काम कालच दुसरीकडे दिलं. मग ती उभी राहिली आणि बोलली, आणि काय बोलली! “मोठी इमारत, मोठी माणसं, आणि साधं नाही लिहायला हात मोडले होते का? मी काय भीक मागायला आले होते? नाही म्हणाला असतात तर दोन दिवस रुसले असते आणि कामाला लागले असते. हातातलं घालवलंत माझ्या!” वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर ऐकत होत्या. त्यातला शब्दन्‌शब्द नकारघंटेने स्वतः खिडकीवर उभं राहून कधीतरी ह्याच भिंतींना ऐकवला होता.

“जाते,” गाऊनवाली म्हणाली.

जाते. निघताना आपण ‘येते’ म्हणतो, वैऱ्याच्या घरून निघालो तरी जिभेवर ‘येते’च येतं. ही बाई ‘जाते’ म्हणाली, आणि गेली.

मग नकारघंटा साखरसाहेबांच्या खोलीत शिरली. दार वाजवलं नाही.

“या या,” साहेब म्हणाले, “सासूबाई कशा आहेत?”

“त्यांना दिसायला लागलं. तुम्हाला कधी दिसणार?” तिने पत्र पुढ्यात ठेवलं. “ह्यातलं ‘नाही’ कुठे गेलं?”

“अहो, किती रूक्ष लिहिता तुम्ही! एवढी चांगली बाई, तिला एकदम नाही? माणूस तुटतो हो. दार उघडं ठेवावं. शिवाय उद्या थोरल्याने माल उशिरा दिला तर? हाताशी एखादी स्टेपनी असावी.”

“स्टेपनी!” तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला. “स्टेपनी हवी तर तिला तसं विचारा, राखीव राहाल का म्हणून. लेखी विचारा, मुदत सांगा. ती हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. न सांगता माणसाला डिकीत कोंबून ठेवायचं ह्याला दार उघडं ठेवणं म्हणतात होय? ते दार मी उघडं ठेवलं होतं, साहेब. गाऊनचं दार. तिला दिसेल असं. तुम्ही दार खोडलंत आणि नुसता उंबरा ठेवलात, बस म्हणालात त्यावर! तिचं हातातलं काम गेलं. नवी शेड घेऊन बसली असती तर पुरती बुडाली असती. तुम्हाला वाईटपणा घ्यायचा नव्हता, म्हणून तिने तोटा घ्यायचा!”

“आवाज जरा...” साहेब म्हणाले. “बघू आपण, काहीतरी करू.”

“बघू नका. सही करा.” तिने मूळ पत्र नव्याने छापून आणलं होतं, वर एक ओळ जादा: आधीचं पत्र आमच्या चुकीने अपुरं गेलं, त्याबद्दल दिलगिरी. साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पाणी प्यायले. ती समोरून हलली नाही. शेवटी त्यांनी सही केली, आणि ‘दिलगिरी’ ह्या शब्दापाशी त्यांचं पेन एकदा घुटमळलं तेव्हा ती म्हणाली, “तिथे हातसुद्धा लावायचा नाही.” पत्र तिने स्वतः जावक विभागात नेऊन दिलं.

त्या वर्षीच्या तिच्या कामाच्या शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, “स्वभाव थोडा नकारात्मक.” घरी मास्तरांनी ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते चिडले. “हे बरोबर नाही!” ते म्हणाले. ती हसून हसून खुर्चीत बसली. “अहो, नाही म्हणालात की हो तुम्ही!”

पुढे थोरल्या कापडवाल्याचे गाऊन आले. चादरी उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. गाऊन मात्र तेच जुने, पाठीला उघडे. मोठ्या सिस्टर रोज एकदा तळघरात फोन करून तिचा जीव खायच्या. तिनेही समितीचा जीव खाल्ला, आणि वर्ष सरताना ठरलं की गाऊन ह्यापुढे वेगळे घ्यायचे. स्वतंत्र चौकशी. कबूल केल्याप्रमाणे तिने पहिलं चौकशीपत्र गाऊनवालीला पाठवलं.

मुदतीच्या आत उत्तर आलं. टपालाने नव्हे, गाऊनवाली स्वतः घेऊन आली. तळघराच्या खोलीत बसली, गरम भिंतीला पाठ टेकून चहा घेतला. थोडी वाळली होती, पण डोळ्यांत चमक होती. नकारघंटेने पाकीट उघडलं.

“आपल्या चौकशीबद्दल आभार. या खेपेला आम्ही प्रस्ताव देऊ शकत नाही. गावाबाहेरच्या दुसऱ्या रुग्णालयाने आम्हाला वेळेवर आणि स्पष्ट कळवलं, त्यांचं गाऊनचं काम आमच्याकडे आहे आणि वर्षभर हात रिकामा नाही. पुढच्या वर्षी गाऊनची चौकशी निघाल्यास अवश्य पाठवावी. हा होकार समजू नये.”

नकारघंटेने ते दोनदा वाचलं. पहिल्या ओळीत आभार, दुसऱ्या ओळीत नाही, कारण एकच आणि खरं, दार कुठलं तेही लिहिलेलं. अण्णांनी हे पत्र बघितलं असतं तर चष्मा काढून पुसला असता. आणि तरी तिला असं चरचरलं! दुसऱ्या रुग्णालयातले आजोबा ताठ चालत असणार, आणि इथले?

“रागावलात?” गाऊनवालीने विचारलं.

“तुमच्यावर नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी पाठवते. नक्की.”

गाऊनवाली उठली, पिशवी खांद्याला लावली आणि दारातून वळून म्हणाली, “येते, बाई.”

तेवढ्यात साखरसाहेबांचा फोन. “काय, आली होती ना ती? देतेय ना गाऊन? मी म्हणालो नव्हतो, माणूस तोडू नये!”

“नाही म्हणाली, साहेब.”

“म्हणजे बघते म्हणाली असेल.”

“नाही म्हणाली! स्वच्छ नाही म्हणाली, लिहून दिलंय, आणि आता हे खोडायला माझ्या टेबलापर्यंत यावं लागेल!” तिने फोन आदळला.

पत्र घेऊन ती वर वॉर्डात मोठ्या सिस्टरना दाखवायला गेली. लांबलचक व्हरांड्यात समोरून एक आजोबा येत होते. एका हातात सलाईनची बाटली धरलेली आणि दुसऱ्या हाताने पाठीमागचं कापड गच्च आवळलेलं. तिला बघून ते शरमून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. ती मान वळवून पुढे गेली, आणि ते चालायला लागल्याचा आवाज येईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.